नानांच्या वर्षश्राद्धाची पोस्ट: काय लिहिलं आणि काय घरातच ठेवलं

माझे वडील, नाना, २९ नोव्हेंबर २०२२ ला गेले. वर्षभराने त्यांच्यावर चार ओळी लिहायच्या होत्या आणि त्या चार ओळींना मला जवळजवळ अडीच महिने लागले. ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसचं कटिंग शिकवणारं माझं इन्स्टाग्रामवर एक पान आहे. एकवीस हजार लोक ते बघतात, पण मला ओळखणारे त्यातले शंभरही नसतील. अशा लोकांसमोर आपल्या बापाची आठवण कशी काढायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या पायरीवर आणखी कुणी उभं असेल तर त्याच्यासाठी हे तारीखवार लिहून ठेवते.

आधी माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. नाना पहाटे गेले. सव्वासहाला मी दवाखान्याच्या जिन्यात बसून त्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘नाना गेले.’ का टाकला, ते आजही नीट सांगता येत नाही. हातात फोन होता, रडू येत होतं, एवढंच. सुरतेच्या आत्याला भाऊ फोन लावत होता, तेवढ्यात तिच्या सुनेने ती पोस्ट पाहिली आणि आत्याला सख्खा भाऊ गेल्याचं मोबाइलच्या पडद्यावरून कळलं. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. पण तेराव्याला आली तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “पोरी, आधी फोन करायचा असतो गं.” संध्याकाळपर्यंत सहाशेच्या वर मेसेज आले होते. ‘काय झालं होतं?’, ‘कोणता दवाखाना?’, ‘आमच्या बाबांनाही हेच सांगितलंय, काय करू?’ त्यातल्या एकालाही उत्तर द्यायची ताकद माझ्यात नव्हती. ते मेसेज न वाचता तसेच पडून राहिले आणि त्याचं ओझं मला वर्षभर होतं.

दुसरा धक्का १४ जूनला बसला, तो नानांचा वाढदिवस. त्यांचं फेसबुक खातं चालूच होतं. फेसबुकने सगळ्यांना आठवण करून दिली आणि त्यांच्या जुन्या मित्रांपैकी चौघांनी लिहिलं, ‘शतायुषी व्हा!’ त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. आईने ते वाचलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

तेव्हाच ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आधी हे खातं मार्गी लावायचं. गेलेल्या माणसाचं खातं फेसबुक स्मरणखातं करून देतं. मग नावाच्या वर Remembering असा शब्द येतो आणि वाढदिवसाच्या सूचना जायच्या थांबतात. अर्ज साधा आहे. प्रोफाइलची लिंक, निधनाची तारीख आणि पुरावा म्हणून मृत्यूचा दाखला लागतो. मी १९ सप्टेंबरला अर्ज केला आणि तो अडला, कारण खात्यावरचं नाव घरगुती होतं आणि महापालिकेच्या दाखल्यावर पूर्ण नाव. मग नानांचा चेहरा आणि पूर्ण नाव एकत्र दिसणारं त्यांचं एसटीचं जुनं ओळखपत्र जोडून पुन्हा पाठवलं. त्यानंतर नऊ दिवसांनी काम झालं. यात एक गोष्ट आधी केली ते बरं झालं. स्मरणखातं झालं की पासवर्ड माहीत असला तरी कुणालाच आत जाता येत नाही. म्हणून भावाने त्यातले सगळे फोटो आधीच उतरवून घेतले होते. आणि दाखला कुठेही जोडताना त्यावरचा पत्ता, आधार क्रमांक वगैरे नको ते झाकून जोडा.

मग प्रश्न आला तारखेचा. नाना गेले तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, म्हणजे चंपाषष्ठी होता. आमचं कुलदैवत खंडोबा. मी धरून चालले होते की तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येईल, कारण एरवी तसंच होतं. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि तिथ्या सगळ्या पुढे ढकलल्या गेल्या. त्या वर्षी चंपाषष्ठी १८ डिसेंबरला होती. म्हणजे तारखेने वर्ष २९ नोव्हेंबरला भरत होतं आणि श्राद्ध मात्र त्यानंतर एकोणीस दिवसांनी. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, श्राद्ध तिथीलाच, अधिकातलं मासिक वेगळं करायचं. ते भावाने केलं होतंच.

आधी मला ही अडचण वाटली, पण त्यातूनच वाट निघाली. दोन दिवस मिळाले, तर दोन्ही दिवशी एकच गोष्ट कशाला करायची? तारखेचा दिवस बाहेरच्यांसाठी ठेवला आणि तिथीचा घरासाठी.

सप्टेंबरअखेर मी लिहायला बसले आणि एका रात्रीत अकराशे शब्द लिहिले. दुसऱ्या दिवशी मोजून पाहिलं तर त्यातले निम्मे दवाखान्याचे होते. अतिदक्षता विभागाबाहेरची बाकडी, रात्री दोनला आणायला पाठवलेली इंजेक्शनं, एका डॉक्टरांचं तुटक बोलणं, बिलाचे आकडे. भावाला वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, नाना एकाहत्तर वर्षं जगले. दवाखान्यात अकरा दिवस होते.”

त्या वाक्यानंतर दवाखाना गेला. ते लिहिणं चुकीचं होतं असं नाही, मला ते लिहायचंच होतं. पण माझं पान बघणाऱ्या एकवीस हजारांत त्या घडीला कुणाचा तरी बाप अतिदक्षता विभागात असणार, आणि तो माणूस बाहीचं माप बघायला आलेला असणार. त्याच्यापुढे ती बाकडी मांडायची नव्हती. शिवाय इन्स्टाग्रामच्या मजकुराला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी मोजली जातात, त्यामुळे माझ्या मजकुरात ती साडेतीनशे शब्दांच्या आसपासच संपली. पण खरं तर साडेतीनशेही जास्तच होते.

दवाखाना काढल्यावर उरलं ते नानांचं गुणवर्णन. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीचे, सगळ्यांना मदत करणारे. हे शब्द खरे होते, तरी वाचताना त्यात नाना दिसत नव्हते. कुणाच्याही वडिलांच्या फोटोखाली ते चालले असते. मग आईने लोखंडी कपाटातून त्यांची पत्र्याची पेटी काढून दिली. तिकिटाला भोक पाडायचा पंच, खाकी शर्टाची दोन बटणं, आणि खिशात मावतील अशा सात डायऱ्या.

नाना एसटीत कंडक्टर होते, १९७६ पासून २००९ पर्यंत. जुन्या काळी सुट्टे नसले की कंडक्टर देणं असलेले पैसे तिकिटाच्या मागे लिहून द्यायचे आणि प्रवाशाने उतरताना ते मागून घ्यायचे. पुष्कळ जण विसरून उतरून जायचे. ड्यूटी संपली की वेबिलाप्रमाणे हिशेब होतो, त्यामुळे असे जादा उरलेले पैसे डेपोत भरावे लागत. नाना ते भरायचे आणि डायरीत टिपून ठेवायचे, कुणाचे किती राहिले. तो प्रवासी पुन्हा कधी गाडीत भेटला की स्वतःच्या खिशातून द्यायचे. नावं माहीत नसायची, म्हणून खुणा लिहिलेल्या. निळ्या शाईत, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: ‘मोहदरी. पांढरं लुगडं, मेथीचं गाठोडं. ०.६०.’ आणि पुढे वेगळ्या शाईत ‘दिले’ आणि त्याखाली एक छोटी रेघ. पानंच्या पानं अशी होती. काहींपुढे ‘दिले’ नव्हतं. तिथे जागा मोकळी सोडलेली होती.

ते पान हातात धरून मी खूप रडले. पण मजकूर मिळाला होता.

ऑक्टोबरात फोटोचं काम काढलं. आईला हार घातलेला फोटो नको होता आणि शेवटच्या आजारपणातला तर मुळीच नको. गणवेशातला एक पोस्टकार्ड आकाराचा फोटो होता, कडेने बुरशीचे ठिपके पडलेला. स्टुडिओत स्कॅन करून साफ करायला दिला, साडेतीनशे रुपये आणि चार दिवस. फोटो आला तो एकदम चकचकीत. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या, रंग उजळलेला आणि डाव्या गालावरचा तीळ पुसलेला. आईने हातात घेतला, पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. “हे कोण?” मग नुसतं स्कॅन मागून घेतलं आणि भावाने घरीच फक्त कडेचे ठिपके काढले. तुम्ही असं काम देणार असाल तर आधीच सांगा, चेहऱ्याला हात लावायचा नाही, आणि मूळ स्कॅनची फाइल वेगळी मागा. फोटोत नानांच्या छातीवर बिल्ला होता, त्याचा क्रमांक वाचता येत होता. तेवढा भाग कापला. डायरीच्या ज्या पानाचा फोटो घेतला, त्यावर कुणाचं नाव-गाव ओळखू येईल असं नाही ना, हेही बघितलं.

मधे वर्तमानपत्रातली जाहिरात झाली. ती आईची इच्छा होती, ‘प्रथम पुण्यस्मरण’ छापून यावं अशी. दोन कॉलम, आठ सेंटिमीटर, फक्त नाशिक आवृत्ती, सव्वीसशे रुपये. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स आणि माझ्या आधारची प्रत लागली, आणि दोन दिवस आधी संध्याकाळपर्यंत मजकूर. एजन्सीच्या ठरलेल्या नमुन्यात खाली मोबाइल नंबर होता, तो मी काढायला लावला. प्रूफ मात्र स्वतः जाऊन बघा. आमच्या प्रुफात नानांच्या वडिलांचं नाव चुकलं होतं आणि फोनवर वाचून दाखवताना ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

नोव्हेंबरात पोस्टचा मजकूर पक्का झाला. आईला वाचून दाखवला, भावाला पाठवला आणि आत्यालाही. पहिला खर्डा असा सुरू होत होता: ‘भावपूर्ण श्रद्धांजली. नाना, तुमच्याशिवाय...’ आत्याची सून म्हणाली, हे वाचून लोकांना वाटेल आजच कुणी गेलं. बरोबर होतं. इन्स्टाग्रामवर पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं, आणि पोस्ट लोकांपुढे तीन-चार दिवसांनीही येते. तोवर ‘आज’ या शब्दाला अर्थ उरत नाही. म्हणून पहिल्याच ओळीत पूर्ण तारीख घातली आणि हा मजकूर शिवणाचा नाही हेही तिथेच सांगितलं, म्हणजे ज्याला त्या दिवशी असलं काही वाचवणार नाही तो पुढे जाईल. शेवटी जे गेलं ते असं:

‘माझे वडील २९ नोव्हेंबर २०२२ ला गेले, त्याला वर्ष झालं. आजचा मजकूर शिवणाचा नाही, शुक्रवारी नेहमीसारखा धडा येईल.

नाना एसटीत कंडक्टर होते. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे पैसे लिहून द्यायचे. कुणी घ्यायचं विसरलं तर डायरीत टिपून ठेवायचे आणि तो माणूस पुन्हा भेटला की स्वतःच्या खिशातून द्यायचे. दुसऱ्या फोटोत त्यातलं एक पान आहे. मोहदरीच्या मावशींचे साठ पैसे त्यांनी एकोणीस दिवसांनी दिले.

ज्यांना द्यायचे राहिले, त्यांच्यापुढची जागा त्यांनी मोकळी ठेवलीय.

तुमच्या आठवणीतला एसटीचा एखादा प्रवास असेल तर खाली लिहा. मी सगळं वाचेन, उत्तर देणं आज जमेलच असं नाही.’

शंभरच्या आतले शब्द. ‘स्वर्गवासी’ नाही, ‘पोरकं’ नाही, रडणारी चिन्हं नाहीत. आमच्यातल्या मायेबद्दल एक शब्दही नाही, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. नाना मला पाठीवर घेऊन डेपोतून घरी आणायचे, ते लिहायचं होतं. दोनदा घातलं आणि दोनदा काढलं. ती आठवण मला कुणाच्या ‘खूप छान’खाली बघवली नसती.

शेवटच्या ओळी मुद्दाम घातल्या. आपण काहीच सुचवलं नाही तर लोकांना हात जोडण्यापलीकडे काय लिहावं ते कळत नाही, आणि काही जण मग कशाने गेले ते विचारतात. उत्तराचंही आधीच सांगून ठेवलं, कारण गेल्या वर्षीचे ते न वाचलेले सहाशे मेसेज डोक्यात होते.

२९ ला बुधवार होता. पोस्ट सकाळी सातला आपोआप जाईल अशी वेळ लावून ठेवता आली असती, पण मी ती लावली नाही. सकाळी आईजवळ बसले, नानांच्या फोटोपुढे दिवा लावला. मग आत्याला फोन केला, दोन्ही काकांना केला, नानांच्या डेपोतल्या एका मित्राला केला. साडेदहाला पोस्ट टाकली. लाइकचा आकडा न दाखवायची सोय पोस्टच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू केली. नानांच्या फोटोखाली आकडा वाढताना बघत बसायचं नव्हतं. आणि फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला.

दुपारी चारला उघडला. शेसव्वाशे प्रतिक्रिया होत्या आणि बऱ्याचशा एसटीच्या होत्या. कुणाच्या वडिलांची रातराणी, कुणाला शाळेच्या पासावर उभ्याने केलेला प्रवास आठवला होता. एकीने लिहिलं की तिच्या आईच्या पोथीत खूण म्हणून अजून एक गुलाबी तिकीट आहे. मी त्या आईला एकेक वाचून दाखवल्या आणि आई मधेमधे सांगत गेली, नाना कुठल्या फेरीला होते, मुक्कामी गाडी असली की डबा कसा द्यायची. हे मी तिच्या तोंडून वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते. ‘कशाने गेले?’ असं तिघांनी विचारलंच. त्यांना उत्तर दिलं नाही.

काही मेसेज खासगीत आले, पंचवीस-तीस असतील. त्यात एका मुलीचे वडील आठच दिवसांपूर्वी गेले होते. तिला मात्र मी त्याच रात्री उत्तर लिहिलं. इतरांना पुढच्या आठवड्यात रोज पाच-सहा असं करत लिहिलं. एका अनोळखी खात्याने फोटोची मूळ प्रत मागितली होती, ‘सुंदर फ्रेम करून देतो’ म्हणून. त्याला अडवून टाकलं. दुसऱ्या दिवशी रात्री Turn off commenting केलं. नवीन प्रतिक्रिया थांबल्या. शुक्रवारी ठरल्याप्रमाणे कटोरी ब्लाउजचा धडा टाकला. तो टाकताना हात थरथरला, पण तारीख दिली होती.

१८ डिसेंबरला वर्षश्राद्ध झालं. चंपाषष्ठीची तळी त्या वर्षी काकांकडे भरली. गेल्या चंपाषष्ठीला आईने आदल्या रात्रीच वांगी आणून ठेवली होती आणि ती तशीच राहिली होती. यंदा तिने सकाळी स्वतः निखाऱ्यावर वांगी भाजली. साल काढताना बोटं भाजत होती तरी तिने मला हात लावू दिला नाही. बाजरीचे रोडगे थापले. कावळ्याला वेळ लागला, वीसेक मिनिटं. भाऊ पानापाशी वाकून हळूच म्हणाला, “नाना, डायरीतले राहिलेत ते आम्ही बघू,” आणि मग कावळा आला.

त्या दिवशी बाहेर काहीच टाकलं नाही. ते अकराशे शब्द मी पुन्हा वाचले, दवाखान्यासकट, नानांच्या पाठीवरून घरी येण्यासकट, आणि घरच्या ग्रुपवर पाठवले. त्यात आम्ही नऊ जण आहोत. आत्याने रात्री फोन केला आणि आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या फोन धरून बसलो. एक प्रत छापून आईला दिली. तिने ती दोन घड्या घालून पत्र्याच्या पेटीत, पंचाखाली ठेवली.